‘बघतो सर’ म्हणालो आणि अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले

“आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघटनेच्या पुणे शाखेचं अध्यक्षपद मी घ्यावं, असा सरांचा आग्रह आहे. दीड महिन्यापूर्वीच नवीन नोकरी लागली आहे, सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे. मला हे झेपणार नाही, पण ज्या सरांनी माझी फी भरली होती त्यांना नाही कसं म्हणू? आणि संघटनेशी नातं तोडायचंही नाही.”

पंचेचाळिशीचे हे गृहस्थ जून महिन्यात माझ्याकडे आले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सरांना नक्की काय उत्तर दिलं, हे मी आधी विचारलं. “बघतो सर, एवढंच म्हणालो,” ते म्हणाले. तिथेच घोळ झाला होता. आपल्याकडे ‘बघतो’चा अर्थ ऐकणाऱ्याच्या इच्छेवर ठरतो. यांनी तो नम्र नकार म्हणून वापरला, सरांनी होकार म्हणून घेतला, आणि रात्री बॅचच्या ग्रुपवर हारांची चित्रं येऊन पडली.

मी त्यांना एक काम दिलं. आधीच्या अध्यक्षांना फोन करून विचारा, आठवड्याला प्रत्यक्षात किती वेळ जायचा? उत्तर आलं: एरवी चार-पाच तास, आणि डिसेंबरच्या स्नेहमेळाव्याआधीचे दोन महिने रोज संध्याकाळी फोन. हॉल, केटरर, जाहिरातदार, वर्गणी. यांची टीम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बसते, रोजचा कॉल रात्री साडेआठला. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की तोच कॉल आपल्याकडे साडेनऊला येणार. म्हणजे मेळाव्याचा जोर आणि नोकरीचा ताण एकाच मोसमात, एकाच वेळेला. हे कागदावर मांडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. तोवर ते स्वतःला कृतघ्न समजत होते. अडचण वेळेची आहे, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

पुढच्या भेटीला ते सरांना पाठवायचा मेसेज लिहून घेऊन आले. चांगला बावीस ओळींचा होता. नोकरी, आईचा गुडघा, मुलीची दहावी, हिंजवडीचा ट्रॅफिक, सगळं त्यात. मी म्हटलं, “मी सर होते, तुम्ही हे मला वाचून दाखवा.” आईच्या गुडघ्यापाशी मी त्यांना थांबवलं: “अरे, मग मिटिंग तुझ्याच घरी घेऊ की!” दहावीपाशी म्हटलं: “परीक्षा मार्चात, मेळावा डिसेंबरात.” ट्रॅफिकला: “ऑनलाइन घेऊ.” ते हसले आणि पेन काढून ओळी खोडायला लागले. कारणं जितकी जास्त, तितके समोरच्याला उपाय सुचतात. शेवटी एकच कारण उरलं, खरं आणि कुणाला सोडवता न येणारं: संध्याकाळ आता माझ्या हातात नाही.

नोकरी बदलली नसती तर अध्यक्ष झाला असता का, हेही मी विचारलं. “हो,” ते लगेच म्हणाले. मग मेसेजमध्ये ‘पुढच्या वर्षी नक्की’ लिहायचा मोह त्यांना झाला. मी ते लिहू दिलं नाही. पुढच्या वर्षी काय असेल हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, आणि दिलेली तारीख सर विसरणार नाहीत.

मेसेजआधी फोन करायचा, असं आम्ही ठरवलं. फी भरणाऱ्या माणसाला नकार लेखी कळू नये, असं माझं मत आहे. वाक्यं तीनच: “सर, तुम्ही माझा विचार केलात, बरं वाटलं. पण अध्यक्षपद मी घेऊ शकत नाही. नवीन नोकरीत रोज रात्री कॉल असतो, त्यामुळे संध्याकाळ माझी नसते.” इथे थांबायचं. मदतीचं बोलणं अजून काढायचं नाही. नकार आणि मदत एका दमात सांगितली की घासाघीस सुरू होते, ‘मग कार्याध्यक्ष तरी हो’ इथपर्यंत. अवघड असते ती मधली शांतता. त्या शांततेत हा माणूस ‘बरं, एक वर्षापुरतं’ असं म्हणून बसेल, याची मला खात्री होती. म्हणून फोनजवळ पाण्याचा पेला ठेवा आणि सर गप्प झाले की घोट घ्या, असं सांगितलं. माझ्यासमोर तीनदा सराव केला.

प्रत्यक्षात सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बरं. मग नुसतं नाव तरी दे, काम बाकीचे करतील.”

हे येणार याची आम्हाला कल्पना होती, म्हणून चौकशी आधीच केली होती. शाखेचं बँक खातं अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या सहीने चालतं. सही द्यायची तर हिशेबाची जबाबदारी आलीच, आणि पुढे सही काढायची तर ठराव, नव्या माणसाची कागदपत्रं, बँकेच्या फेऱ्या. अशा बऱ्याच संस्था सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतात. तिथे नोंदीतल्या विश्वस्तांत किंवा कार्यकारिणीत बदल झाला की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. शाखेच्या अध्यक्षाचं नाव त्या नोंदीत असतं की नाही, हे संस्थेच्या घटनेवर ठरतं. ते आधी विचारून घ्यावं. नाव देण्याआधी नाही म्हणायला एक फोन पुरतो. नंतर नाव काढायला कितीतरी जणांची सोय बघावी लागते. ते म्हणाले, “सर, सही माझी आणि लक्ष माझं नाही, असं मला चालणार नाही.” हे वाक्य त्यांना तिथेच सुचलं, मी शिकवलेलं नव्हतं.

मदतीचा विषय त्यांनी दोन दिवसांनी काढला, मेसेजवर, आणि मोजून: “वर्षातून दोन रविवार, ऑगस्ट आणि जानेवारीचा पहिला. सकाळी दहा ते बारा, शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सराव मुलाखती ऑनलाइन घेईन. मुलं जमवणं आणि लिंक पाठवणं कॉलेजकडून व्हावं.” शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणणाऱ्याकडे सगळंच येतं, आणि दोन तासांच्या मुलाखतींमागे मुलांना शोधण्याचे सहा फोन लपलेले असतात.

सगळं गोड झालं नाही. सरांचं उत्तर आठ-दहा दिवस आलं नाही. एका वर्गमित्राने ग्रुपवर ‘मोठा माणूस झालास’ असा टोमणा मारला. ते पुन्हा माझ्याकडे आले, झोप उडालेली. ही टोचणी नकार चुकला म्हणून नव्हती. सरांवरच्या मायेतून येत होती. काही आठवडे ती राहील, तिला घाबरून शब्द फिरवू नका, एवढंच मी म्हटलं. जुलैत दुसऱ्या मित्राचा फोन आला, “येता-जाता एवढा हॉल बघून ये ना.” त्यांनी उत्तर दिलं, “हॉलचं मला जमणार नाही, ऑगस्टचा रविवार पक्का आहे.” टोमण्याला मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि ते मला योग्य वाटलं.

ऑगस्टच्या त्या रविवारआधी गुरुवारी सरांचा मेसेज आला: “सोळा मुलं आहेत. तुला किती जमतील?”

एका मुलाला पंधरा मिनिटं, दोन तास. त्यांनी लिहिलं, “आठ, सर.”

“ठीक,” सरांनी कळवलं. “उरलेल्या आठांसाठी दुसरा कुणी बघतो.”