बाळंतपणानंतरची केसगळती: ताटात काय असावे, डोक्याला काय लावावे आणि कशाला हात लावू नये

प्रश्न: माझी प्रसूती होऊन चार महिने झाले. बाळ पूर्णपणे माझ्या दुधावर आहे. न्हाताना मूठभर केस हातात येतात. काय खावे, डोक्याला काय लावावे आणि केसगळतीवरची कोणती औषधे टाळावीत? यजमान मिनॉक्सिडिल लावतात, ते मी लावले तर चालेल का?

उत्तर:

मी औषधनिर्माता आहे आणि गेली अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवते. दोन बाळंतपणांत मी स्वतः हे अनुभवले आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. मिनॉक्सिडिल लावू नका. कारण समजण्यासाठी आधी हे केस का गळतात ते पाहावे लागेल.

गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेले असते आणि त्यामुळे नेहमी टप्प्याटप्प्याने गळणारे केस वाढीच्याच अवस्थेत थांबून राहतात. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन एकदम उतरते, हे सगळे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि साधारण तीन महिन्यांनी एकत्र गळू लागतात. म्हणजे आज तुमच्या हातात येणारा केस प्रसूतीच्या सुमारासच मुळातून सुटायला लागला होता. अंगावर पाजण्यामुळे हे होत नाही. कुणी दूध तोडण्याचा सल्ला दिला तर तो मानू नका. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा, बारीक गाठीसारखा भाग दिसत असेल, गळती डोक्यावर सगळीकडे सारखी असेल आणि कपाळाच्या कडेला लहान नवे केस उगवताना दिसत असतील, तर बहुधा ही हीच गळती आहे. ती साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप ओसरते.

मिनॉक्सिडिल इथे उपयोगाचे नाही, कारण मूळ निरोगी आहे आणि नवा केस तसाही येणारच आहे. उलट ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. बाळाच्या दृष्टीने प्रश्न अधिक गंभीर आहे. लावलेल्या द्रावणाचा थोडासा अंश कातडीतून रक्तात जातो, आणि आई ते लावत असताना अंगावरच्या बाळाच्या चेहऱ्यावर लव दाट झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. औषध थांबवल्यावर ती कमी झाली. युरोपात तर वडील ते लावत होते आणि त्यांच्या संपर्कातून बाळाच्या अंगावर केस वाढले, असेही प्रसंग नोंदवले गेले. म्हणून हे तुमच्या यजमानांनाही लागू आहे. त्यांनी लावल्यावर हात साबणाने धुवावेत, द्रावण पूर्ण वाळेपर्यंत बाळाला घेऊ नये, आणि त्यांच्या उशीवर बाळाला झोपवू नये. मिनॉक्सिडिलच्या गोळ्या हे आणखी वेगळे प्रकरण आहे. त्या अंगावर पाजताना घेऊच नयेत. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड या गोळ्या पुरुषांसाठी आहेत, त्याही घेऊ नयेत. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ‘सॉ पाल्मेटो’ हा घटक लेबलवर दिसला, तर ती बाटली परत फडताळात ठेवा. तो संप्रेरकांवर परिणाम करणारा म्हणूनच विकला जातो, आणि अंगावर पाजताना तो सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

यानंतर येतात त्या केसांच्या गोळ्या, ज्यांत बायोटिन भरपूर असते. बायोटिनची अंगावर पाजणाऱ्या आईची रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये, साधारण ३५ आहे. बाजारातील गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असते. माझ्या जावेचा अनुभव इथे सांगते, कारण त्यातून बरेच काही कळते. प्रसूतीनंतर पाचव्या महिन्यात तिला थकवा येई, छाती धडधडे आणि केस गळत. थायरॉइडची तपासणी केली तेव्हा थायरॉइडला चालना देणारे टीएसएच हे संप्रेरक कमी आणि थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक टी४ जास्त आले, म्हणजे थायरॉइड प्रमाणाबाहेर सक्रिय असल्यासारखे दिसले. बाळंतपणानंतर काही स्त्रियांना थायरॉइडचा दाह खरोखरच होतो, त्यामुळे डॉक्टरांनाही तसाच संशय आला. मी तिला विचारले की सध्या काय काय घेतेस. ती १० मिलिग्रॅम बायोटिन रोज घेत होती. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत टीएसएच खोटे कमी आणि टी४ खोटे जास्त दिसू शकते. डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी तीन दिवस गोळी थांबवून पुन्हा रक्त घ्यायला लावले. दोन्ही आकडे योग्य मर्यादेत आले. त्याच वेळी केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.९ आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन ९, म्हणजे दोन्ही कमी निघाले. तिची धडधड आणि थकवा लोहाच्या कमतरतेचा होता, आणि त्या महागड्या गोळीत लोह नव्हतेच. तपासणी करायची असेल, तर बायोटिन आधी बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. अशा गोळ्यांत व्हिटॅमिन ए किंवा सेलेनियम जास्त असेल, तर त्यांच्या अतिरेकाने केस उलट गळतात, हेही लक्षात ठेवावे.

जावेच्या बाबतीत लोह कुठे निसटले, ते तिच्या ताटातूनच दिसले. प्रसूतीनंतर तिला घरून बरीच पथ्ये होती: डाळी ‘वातूळ’, लिंबू ‘बाळाला बाधेल’, अंडे ‘गरम’. सरकारी दवाखान्यातून प्रसूतीनंतर १८० दिवसांसाठी मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिने महिन्याभरातच बद्धकोष्ठामुळे सोडल्या होत्या. त्यांतल्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने ती पुन्हा सुरू केली, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर, आणि कॅल्शियमची गोळी काही तासांच्या अंतराने, कारण दोन्ही एकत्र घेतल्या की लोह कमी शोषले जाते. जेवणानंतरचा चहा तासाभराने मागे ढकलला. शौच काळसर झाले, त्याने घाबरण्याचे कारण नसते. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२ च्या वर आले. केसांना मात्र वेळ लागला, कारण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच वाढतो.

आपल्याकडची हळिवाची खीर आणि हळिवाचे लाडू लोह मिळवण्यासाठी चांगले आहेत, मात्र वनस्पतीतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. म्हणून त्याच दिवशीच्या जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असावा. हळीव चांगले भिजवूनच वापरावेत. फेरिटिन ३० च्या खाली असेल, तर फक्त लाडवांनी भागत नाही, गोळीच लागते. बाळंतिणीच्या छातीला सूज किंवा ताप असेल, तर फेरिटिन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, म्हणून तो काळ टाळून तपासणी करावी.

दुसरी अडचण प्रथिनांची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पहिल्या सहा महिन्यांत नेहमीपेक्षा रोज साधारण १७ ग्रॅम जास्त प्रथिने लागतात. हे फार कठीण नाही. दोन अंड्यांत सुमारे १२ ग्रॅम आणि मोड आलेल्या मटकीच्या उसळीच्या एका वाटीत सहा ते आठ ग्रॅम मिळतात. अंडी न खाणाऱ्यांनी दुपारी वरणाची वाटी दुप्पट करावी आणि संध्याकाळी मूठभर दाणे व एक ग्लास दूध घ्यावे. उसळीमुळे बाळाला गॅस होतो, ही भीती बहुतेक बाळांच्या बाबतीत खरी ठरत नाही. बाळ विशिष्ट पदार्थानंतर प्रत्येक वेळी अस्वस्थ होत असेल, तर तेवढाच पदार्थ काही दिवस थांबवून पाहावा. वजन झपाट्याने कमी करण्यासाठी जेवण तोडू नका, कारण त्याचे केसांवरचे फळ तीन महिन्यांनी दिसते.

डोक्याच्या त्वचेबद्दल फार लांब सांगण्यासारखे नाही. आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शांपूने धुवावे. धुतल्यामुळे केस गळत नाहीत. आधीच सुटलेले केस त्या दिवशी एकत्र निघतात, म्हणून ढीग मोठा दिसतो. खोबरेल तेल न्हाण्यापूर्वी तासभर लावल्यास केस कमी तुटतात, परंतु मुळांची गळती थांबत नाही. कोंडा असेल, तर रात्रभर तेल ठेवू नका आणि डॉक्टरांना विचारून किटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवावा; तो धुऊन टाकला जातो, म्हणून दुधात जाण्याची शक्यता फार कमी असते. घट्ट अंबाडा व कपाळ ओढणारी वेणी टाळावी, कारण नव्या बारीक केसांवर त्याचा ताण पडतो. कांद्याचा रस काही जणींच्या त्वचेला जळजळ आणि पुरळ आणतो, शिवाय त्याचा उग्र वास बाळाला पाजताना अगदी नाकाशी येतो.

खोबरेल तेलात कापूर घालून डोक्याला लावण्याची प्रथा आहे, आणि ‘थंड’ तेलांतही कापूर व मेंथॉल असतात. घरात अंगावरचे बाळ असताना हे तेल लावू नका. कापूर तान्ह्या बाळाला विषारी आहे. थोडासा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात, आणि आईच्या केसांना लागलेला बाळाचा हात नेहमी तोंडातच जातो. केसांसाठीची अज्ञात घटकांची भस्मे किंवा रसौषधी कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका, कारण अशा काही औषधांत शिसे व पारा सापडले आहेत आणि शिसे दुधातून बाळापर्यंत पोहोचते. केस सरळ करणारे ‘केराटिन’ उपचारही टाळावेत, कारण त्यांतील बऱ्याच द्रावणांतून फॉर्मल्डिहाइड वाफेच्या रूपात बाहेर पडतो.

गळलेला केस बाळासाठीही धोकादायक ठरू शकतो, आणि ही गोष्ट बहुतेक घरांत कुणी सांगत नाही. सुटलेला लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती वेढला जातो, मोज्यात दिसत नाही आणि रक्तपुरवठा आवळतो. बाळ काही केल्या रडायचे थांबत नसेल, तर मोजे काढून प्रत्येक बोट, आणि मुलगा असेल तर त्याचे लिंगही पाहावे. सुजून लाल-जांभळे बोट आणि त्यावर खोल रेष दिसली, तर केस ओढत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. मोजे उलटे करून झटकूनच बाळाला घालावेत.

चकत्यांसारखे टक्कल, फक्त भांगाच्या रेषेवर विरळपणा, डोक्याच्या त्वचेत वेदना, किंवा वर्षानंतरही गळती चालू असल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला चौथा महिना चालू आहे, म्हणून आत्ता फक्त हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच करून घ्या. त्यातला जो आकडा कमी-जास्त येईल, त्यावरच पुढचे उपचार ठरवा.