वरचा अर्धा भाग

"ताई, मोठ्या जाऊबाईनं मला ह्यांच्या व्हॉट्सॲप चॅटिंगचा फोटो पाठवला. वरचा भाग कापलेला, खालचंच दिसतं. 'काळजी करू नको. घरी कुणाला कळणार नाही. उद्या टाकतो.' आठ दिवस झाले, झोप लागंना. ह्यांचं बाहेर काही आहे का?"

लातूरला माझ्याकडे असे कापलेले स्क्रीनशॉट वरचेवर येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मी फोन टेबलावर ठेवला. "डोळ्यांना दिसतं तेवढंच सांग. मनाला वाटतं ते नंतर."

"ह्यांचे तीन मेसेज."

"ह्यांचे कशावरून?"

"जाऊबाई म्हणल्या."

नावाची पट्टी वर असते, तीच कापलेली. तारीखही गेलेली; राहिली ती नुसती वेळ, म्हणजे कालचं की गेल्या वर्षीचं, कळायला मार्ग नाही. निळ्या टिकांचा अर्थ समोरच्यानं वाचलं, एवढाच. डावीकडं एकच पांढरा मेसेज होता, 'विसरू नको'. तो बाईचा की बुवाचा, त्यातून कळत नाही. पण त्याला शेपूट नव्हतं. अँड्रॉइडवर एकाच माणसाचे ओळीनं मेसेज आले, की कोपऱ्यातलं टोक पहिल्यालाच असतं. म्हणजे त्या माणसानं लगेच वर आणखी काही लिहिलेलं, आणि नेमकं तेच कापलेलं.

"मग तिथं काय असेल?" मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, ताई."

कापलेली जागा माणूस आपल्या जुन्या भीतीनं भरतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. म्हणून मी आधी भीतीशी वाद घालत नाही, पुरावा मोजायला लावते.

पुढच्या भेटीत तिनंच फोन काढला. "ताई, हे मेसेज उजवीकडं, हिरवे आहेत. म्हणजे ज्यानं लिहिले, त्याच्याच फोनवरून फोटो काढलाय ना? ह्यांच्या फोनला तर लॉक आहे. मग जाऊबाईकडं गेला कसा?"

हा प्रश्न मी तिला सुचवला नव्हता, याचं मला आजही समाधान वाटतं.

घरी काय विचारायचं, ते मात्र मी सांगितलं. 'कोण आहे ती?' नाही, 'याच्या वर काय होतं?' आणि दुसरा स्क्रीनशॉट मागायचा नाही, त्याच फोनवर चॅट वर सरकवून दोघांनी मिळून वाचायचं. त्यालाही मर्यादा आहे. 'डिलीट फॉर मी' केलेला मेसेज त्या फोनवर मागमूसही ठेवत नाही.

वर चुलतभाऊ होता. सोयाबीन पावसात गेलं, दुकानदार दारात बसतोय, वीस हजार दे, असं त्यानं लिहिलेलं. पैसे देतोय हे थोरल्या भावाला दाखवायला नवऱ्यानंच फोटो काढला, आणि चुलतभावाची लाज झाकायला वरचं कापलं. थोरल्याच्या फोनवरून तो जाऊबाईकडं गेला.

तिसऱ्या खेपेला दोघंही आले. स्क्रीनशॉटचं नावही निघालं नाही. "वीस हजार दिले, ते मला का नाही सांगितलं?" एवढंच ती विचारत होती.