राष्ट्रवादाने जोडलंही आणि तोडलंही

प्रश्न: एकाच राष्ट्रवादाने जर्मनी-इटली जुळले आणि ऑस्ट्रियाचं साम्राज्य मात्र फुटलं, असं कसं?

जर्मन आणि इटालियन लोक अनेक राज्यांत विखुरलेले होते म्हणून ते जुळले, ऑस्ट्रियात मात्र अनेक भाषांचे लोक एकाच राज्यात होते. ऑस्ट्रियाकडे बघा, लिंक लगेच लागते. १८५९ च्या युद्धात उत्तर इटलीतली लोम्बार्डी त्याच्या हातून गेली, १८६६ ला प्रशिया या जर्मन राज्याने हरवल्यावर व्हेनिसही इटलीकडे गेलं आणि जर्मन राजकारणातून तर हकालपट्टीच झाली. मग कमजोर झालेल्या सम्राट फ्रान्झ जोसेफने १८६७ ला हंगेरियन लोकांशी तडजोड करून त्यांना वेगळी संसद, वेगळं सरकार दिलं, कॉमन राहिलं ते मुख्यतः सैन्य आणि परराष्ट्र खातं. माझ्या मते खरी गोची इथेच झाली, कारण मग चेक म्हणायला लागले आम्हाला का नाही, आणि हंगेरियननी तर उलट स्लोवाक, रोमानियन लोकांवर शाळांतून आपलीच भाषा लादली. तरी बऱ्याच जणांना स्वायत्तताच हवी होती, फाटाफूट झाली ती महायुद्ध हरताना, १९१८ ला.