‘अभ्यास झाला का?’ ऐवजी काय विचारावे

ताई, माझा मुलगा दहावीत आहे. दिवाळीनंतरच्या पालक सभेत त्याच्या वर्गशिक्षिकांनी सांगितले की, ‘अभ्यास झाला का?’ असे सारखे विचारू नका, इतर मुलांशी तुलना करू नका, घरात दहावीचा बाऊ करू नका. मला ते पटले आणि मी विचारणेच बंद केले. तीन आठवड्यांनी बीजगणिताच्या 20 गुणांच्या चाचणीत त्याला 8 गुण मिळाले. वहीत मात्र तशीच गणिते बरोबर सोडवलेली आहेत. हे म्हणतात, ढील दिल्याचा परिणाम. सासूबाई रोज शेजारच्या मुलीचे उदाहरण देतात. माझे शिक्षण बारावीपर्यंत, कला शाखेतून. गणित मला येत नाही. बाई चुकल्या की मी? उत्तरपत्रिकेची छायाप्रत सोबत जोडली आहे.
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भगिनी,

बाईंचे म्हणणे योग्यच होते, आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे पाळलेही. मात्र सभेत ‘काय करू नये’ हे जितक्या तपशिलाने सांगितले जाते, तितक्या तपशिलाने ‘त्याऐवजी काय करावे’ हे बहुधा सांगितले जात नाही. मी स्वतः बरीच वर्षे अशा सभांमध्ये शिक्षिका म्हणून बोलले आहे आणि हीच चूक केली आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते. तुमच्या घरातून तगादा गेला, पण त्याच्याबरोबर अभ्यासाविषयीचे बोलणेही गेले, आणि मुलाने त्याचा अर्थ बहुधा ‘आता आईचे लक्ष नाही’ असा घेतला असावा.

‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाने ताण येतो, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने अभ्यासाची पद्धत बिघडते. या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ एवढेच असते आणि ते लवकर देता यावे म्हणून मूल पाने उरकते: धडा पुन्हा वाचते, सोडवलेले गणित पाहून पुन्हा उतरवते. वाचलेले ओळखीचे वाटू लागले की ते आपल्याला येते असा समज होतो. 2006 मध्ये अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर घेतलेल्या परीक्षेत थोडे पुढे होते. पण आठवड्यानंतर, पुन्हा न वाचता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आठवत होते. वहीतील गणिते बरोबर आणि चाचणीतील चूक, याचा उलगडा बऱ्याच अंशी इथेच होतो.

आता ती उत्तरपत्रिका पाहू. गेलेले 12 गुण एका कारणाने गेलेले नाहीत. एका उदाहरणात त्याने x² + x − 20 = 0 याचे (x + 5)(x − 4) = 0 असे अवयव अचूक पाडले आहेत, पण उत्तर x = 5 किंवा x = −4 असे लिहिले आहे. उत्तर x = −5 किंवा x = 4 असायला हवे होते. असाच चिन्हांचा घोळ आणखी एका ठिकाणी आहे. दोन्ही मिळून 3 गुण गेले. सूत्र पद्धतीच्या उदाहरणात a, b, c यांच्या किमती लिहून तो थांबला आहे, म्हणजे पद्धत कोणती हे कळले, पण सूत्र आठवले नाही. तिथे 4 गुण गेले. शेवटच्या दोन उदाहरणांना त्याने हातच लावलेला नाही, ते उरलेले 5 गुण. याला ‘ढील’ म्हणणे सोपे आहे, पण त्या एका शब्दाने यांपैकी कोणती चूक सुधारेल?

ही विभागणी मी तुमच्यासाठी केली असली, तरी घरी ती मुलानेच करायची आहे. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, त्याला एवढेच म्हणा, ‘कुठले गुण कशामुळे गेले ते मला समजावून सांगशील का?’ त्याने पेन्सिलीने प्रत्येक चुकीजवळ ‘चिन्ह’, ‘सूत्र आठवले नाही’ किंवा ‘वेळ पुरला नाही’ असे लिहावे. शेवटच्या दोन उदाहरणांविषयी वेळ पुरला नाही की ती येतच नव्हती, हे त्यालाच ठाऊक आहे. वेळेचे कारण असेल, तर बोर्डाची बीजगणिताची 40 गुणांची प्रश्नपत्रिका 2 तासांत, म्हणजे गुणामागे सरासरी 3 मिनिटांत सोडवायची असते, हे लक्षात ठेवून त्याने एखादे उदाहरण घड्याळ लावून सोडवून पाहावे. त्या अर्ध्या तासात तुम्ही 8 या आकड्याविषयी काहीही बोलू नका. बोललात, तर पुढची उत्तरपत्रिका दप्तरातच राहील.

रोजसाठी एक लहानशी गोष्ट पुरेशी आहे. रात्री जेवणाआधी पाच मिनिटे त्याने पुस्तक तुमच्या हाती द्यावे आणि आज केलेली एक गोष्ट न पाहता सांगावी किंवा कोऱ्या कागदावर लिहावी: सूत्र, एखादी व्याख्या, एखाद्या उदाहरणाच्या पायऱ्या. तुम्हाला गणित न येणे ही इथे अडचण नाही, उलट थोडी सोयच आहे, कारण तुम्ही शिकवायला बसणार नाही. पानावर आहे ते आणि त्याने लिहिले ते जुळते का, एवढेच पाहायचे. अडला तर पुस्तक परत द्या, त्याने बघावे आणि पुन्हा झाकून लिहावे. तीच गोष्ट तीन-चार दिवसांनी पुन्हा मागा. विसरल्यानंतर आठवावे लागते, तेव्हाच ती पक्की होते. कोणती गोष्ट सांगायची, हे त्यानेच निवडावे.

ही पाच मिनिटे हळूहळू तोंडी परीक्षा होऊ लागतात, हा यातला खरा धोका आहे. तो सोप्याच गोष्टी निवडू लागला, जेवायला मुद्दाम उशिरा येऊ लागला किंवा तुमच्या चेहऱ्याकडे पाहत उत्तर देऊ लागला, तर समजा की तसे झाले आहे. मग दोन दिवस सोडून द्या. चाचणीच्या सकाळी सतत पोटात दुखणे, आठवडेच्या आठवडे झोप वा जेवण कमी होणे अशी लक्षणे दिसली, तर मात्र हा विषय अभ्यासाचा राहत नाही; डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर बोला. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

यजमानांना समजावताना मानसशास्त्र मध्ये आणू नका. कोल्हापूरच्या माणसाला तालमीतला वस्ताद ठाऊक असतो: पठ्ठ्या हरून आला, तर वस्ताद कोणत्या डावावर सापडलास ते विचारतो आणि दुसऱ्या दिवशी तोच डाव घोटून घेतो. सासूबाईंना गप्प बसवण्याच्या भानगडीत तर पडूच नका, ते जमणार नाही. त्यांना काम द्या. इतिहासाचा धडा नातवाने आजीला गोष्टीसारखा सांगावा. आजी मध्येच ‘मग पुढे काय झाले?’ विचारतील, आणि तो प्रश्न आपल्या कोणाहीपेक्षा चांगला असेल. शेजारच्या मुलीचे नाव निघालेच, तर वाद न घालता मुलाला घेऊन दुसऱ्या खोलीत जा.

पुढच्या चाचणीहून तो घरी आला की, कशी गेली हे न विचारता, किती गुण पडतील असे त्याला वाटते तो आकडा एका चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवायला सांगा. गुण कळल्यावर चिठ्ठी त्यानेच उघडावी. 15 लिहिले आणि 9 पडले, तर आपल्याला काय येत नाही हे त्याला अजून कळत नाही, म्हणून झाकून लिहिण्याचा सराव वाढवायला हवा. 10 लिहिले आणि 9 पडले, तर गुण तेवढेच असूनही त्याची पकड सुधारली आहे, आणि हे त्याला त्याच वेळी सांगा.