सॅलरी स्लिपवर काय झाकायचं, काय उघडं ठेवायचं

«वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत आहे. महिना एक लाख ग्रॉस. डिसेंबरात 1,20,000 बोनस मिळाला आणि एकदम 17,355 रुपये टॅक्स कापला. त्याआधी एक पैसाही कापत नव्हते. स्लिप टाकून विचारायचंय, पण मी कोण ते कळायला नको. काय झाकू?»

मी गोव्यातच पगारपत्रकांचं काम करतो, त्यामुळे रोज अशा स्लिपा हाताखालून जातात. लोक बहुतेक वेळा उलटं करतात. आकडे झाकतात, आणि ज्यावरून माणूस सापडतो ते उघडं राहतं.

आधी आकड्यांचं बघू, कारण काय ठेवायचं हे कळलं की बाकीचं सगळं झाकायचं एवढंच उरतं. तुमच्या प्रश्नाला लागणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत: महिन्याचा ग्रॉस, बोनसची ओळ, या महिन्याचा टीडीएस, एप्रिलपासूनची ग्रॉस आणि टीडीएसची बेरीज (स्लिपवर YTD असा रकाना असतो तो), स्लिपचा महिना, आणि करप्रणाली नवी की जुनी. हा YTD रकाना लोक हमखास झाकतात. मग उत्तर देणाऱ्याला डिसेंबरचे 2,20,000 तेवढे दिसतात आणि तो त्यांना बाराने गुणून मोकळा होतो. एप्रिल ते डिसेंबर ग्रॉस 10,20,000 आणि नोव्हेंबरपर्यंत टीडीएस शून्य, हे दिसलं की चित्र स्पष्ट होतं.

आता तुमचेच आकडे घेऊ. तुम्ही नव्या प्रणालीत आहात असं धरतो, कारण आधी काहीच कापलं जात नव्हतं. आर्थिक वर्ष 2025-26. बोनस नसता तर वर्षाचे 12,00,000, त्यातून 75,000 स्टँडर्ड डिडक्शन वजा, राहिले 11,25,000. बारा लाखांपर्यंत रिबेटमुळे कर शून्य, म्हणून नोव्हेंबरपर्यंतचा शून्य बरोबर होता. बोनस धरून वर्षाचे 13,20,000 होतात आणि करपात्र उत्पन्न 12,45,000. स्लॅबप्रमाणे चार ते आठ लाखांवर 20,000, आठ ते बारावर 40,000, वरच्या 45,000 वर 15 टक्क्यांनी 6,750. एकूण 66,750, त्यावर 4 टक्के सेस मिळून 69,420. हे डिसेंबर ते मार्च अशा चार महिन्यांत वाटले की महिन्याला नेमके 17,355.

तुमच्या कंपनीचा आकडा असा आला आहे, आणि इथेच तो चुकला आहे. बारा लाखांच्या थोडं वर गेलेल्याला मार्जिनल रिलीफ मिळते. बारा लाखांवर जितकं उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त होऊ शकत नाही. तुम्ही 45,000 ने वर आहात, म्हणून कर 45,000 आणि सेस 1,800, एकूण 46,800. महिन्याला 11,700. ही चूक ओळखता आली ती महिन्याचा पगार, बोनस आणि टीडीएस हे तिन्ही आकडे खरे आणि पूर्ण सांगितलेत म्हणून.

म्हणून एक विनंती: ओळख लपवायला आकडे निम्मे करून टाकू नका. असं करणारे मी पाहिले आहेत. कर पगाराच्या प्रमाणात वाढत नाही. तुमचे सगळे आकडे निम्मे केले तर कर शून्य येतो आणि प्रश्नच नाहीसा होतो. फार भीती वाटत असेल तर शेवटचे दोन अंक शून्य करा, तेवढ्याने फरक पडत नाही. हजारांत मात्र गोळाबेरीज करू नका.

बाकी सगळं झाका. नाव, एम्प्लॉयी कोड, बँक खातं, जन्मतारीख हे तुमच्या लक्षात येईलच. निसटतात ती दुसरीच. पीएफ नंबरमध्ये कंपनीचा कोड असतो आणि ईपीएफओच्या साइटवर कोडवरून कंपनी कोणालाही शोधता येते. वरचा लोगो पुसून हा नंबर ठेवला तर लोगो पुसून काही साधलं नाही. यूएएन, ईएसआय नंबरही झाका. पॅन अर्धवट ठेवू नका, कारण त्यातलं पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. पद आणि विभाग तर आधी झाका. आपला गोवा केवढासा! वेर्ण्यातली कंपनी आणि «असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी» एवढं कळलं की माणूस कोण ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्येच ठरतं. रुजू झाल्याची तारीखही नको. तिच्या जागी «एप्रिलपासून याच कंपनीत» असं लिहा, कारण वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर हिशोब बदलतो.

कर्जाचा हप्ता, सोसायटीची वर्गणी, विम्याची कपात या ओळी नव्या प्रणालीत तुमच्या प्रश्नाला लागत नाहीत. त्या तुमच्या घरच्या गोष्टी आहेत, झाकाच. जुन्या प्रणालीत असता तर बेसिक, एचआरए आणि भाड्याचा आकडा लागला असता. तेव्हाही गाव सांगायची गरज नव्हती. मडगाव असो की म्हापसा, गोव्यात एचआरएची मर्यादा बेसिक आणि डीएच्या 40 टक्केच.

झाकायची पद्धत हा खरा धोका आहे. पीडीएफवर काळा चौकोन ओढला तर खालची अक्षरं तशीच राहतात. फाइल उघडून Ctrl+A, मग Ctrl+C, आणि नोटपॅडमध्ये Ctrl+V करा. तुमचं नाव तिथे उमटलं तर ते झाकलेलं नाहीच. फोनमधल्या हायलाइटरने फासलेलं असेल तर ब्राइटनेस वाढवून खालचं वाचता येतं. धूसर करणं म्हणजे झाकणं नव्हे. तळाशी अक्षरी रक्कम असते, क्यूआर कोड असतो, आणि फाइलच्या नावातच बऱ्याचदा एम्प्लॉयी कोड असतो. मूळ पीडीएफ पासवर्डसकट तर कोणालाच देऊ नका, पासवर्ड पुष्कळदा पॅन आणि जन्मतारखेतूनच बनवलेला असतो.

म्हणून माझं मत विचाराल तर स्लिपचा फोटो टाकूच नका. एवढं टाइप करा:

```
वर्ष 2025-26, नवी प्रणाली, एप्रिलपासून याच कंपनीत
डिसेंबर: ग्रॉस 1,00,000 + बोनस 1,20,000
टीडीएस: 17,355
YTD ग्रॉस: 10,20,000   YTD टीडीएस: 17,355
कंपनीला कळवलेलं इतर उत्पन्न: नाही
```

यात तुम्ही कुठेच नाही आणि हिशोब मात्र पूर्ण आहे. शेवटची ओळ विसरू नका. बँकेचं व्याज वगैरे कंपनीला कळवलं असेल तर तेही उत्पन्नात मिळवून टीडीएस काढतात, आणि वरचे माझे आकडे बदलतील.

प्रणाली खरोखर नवी आहे आणि इतर उत्पन्न कळवलेलं नाही, हे एकदा बघून घ्या. मग पेरोलवाल्यांकडे टॅक्स कॉम्प्युटेशन शीट मागा आणि त्यात मार्जिनल रिलीफची ओळ आहे का पाहा. त्यांनी आत्ता दुरुस्त केलं तर 46,800 मधून कापलेले 17,355 वजा जाऊन 29,445 उरतात, म्हणजे जानेवारी ते मार्च दरमहा 9,815 कापले जातील. त्यांनी ऐकलं नाही तरी जास्त कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर रिफंड म्हणून परत मिळतात.