एकच मागणी रेषा, चार आठवडे

प्रश्न: बीएससी इकॉनॉमिक्सचं पहिलं वर्ष. मायक्रोचा पेपर चार आठवड्यांवर आलाय. थिअरी वाचून झालीय, पण आकृती काढताना गडबडतो आणि डेरिव्हेटिव्ह दिसलं की हात थांबतो. रोज दोनेक तास मिळतील. वेळापत्रक कसं आखू?

उत्तर:

आकृत्यांचे दिवस वेगळे आणि कॅल्क्युलसचे वेगळे, असं करू नका. मी तेच केलं होतं. दहावीनंतर गणित सुटलेलं, म्हणून आधी बारावीचं गणिताचं पुस्तक घेऊन बसलो. लिमिट आणि त्रिकोणमितीची डेरिव्हेटिव्ह सोडवण्यात पंधरा दिवस गेले, आणि पेपरात त्यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. तुमच्या पेपरात डेरिव्हेटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा आकृतीतल्या रेषेचा उतार. म्हणून एकच मागणी रेषा घ्या आणि तीच महिनाभर वापरा: `Q = 100 − 2P`. दोन तासांपैकी पहिली वीस मिनिटं पुस्तक मिटून कोऱ्या ग्राफ पेपरवर कालची आकृती काढायची, उरलेला वेळ गणितं आणि थिअरी.

पहिल्या आठवड्यात कॅल्क्युलसला हात लावू नका. ही रेषा काढा. किंमत शून्य असेल तर मागणी १००, मागणी शून्य असेल तर किंमत ५०. दोन बिंदू जोडले की झालं. आता उतार किती? बहुतेक जण समीकरण बघून −2 म्हणतात, पण कागदावरच्या रेषेचा उतार −1/2 आहे. आपण समीकरण लिहितो ते मागणी किमतीवर अवलंबून आहे असं, आणि आकृतीत किंमत मात्र उभ्या अक्षावर टाकतो. आल्फ्रेड मार्शलच्या १८९०च्या ग्रंथापासून ही पद्धत रूढ झाली आणि गणितवाल्यांच्या सवयीच्या ती बरोबर उलटी आहे. आकृत्या कच्च्या असणाऱ्यांचा निम्मा गोंधळ इथलाच असतो असं माझं मत. तेव्हा आधी समीकरण उलटवा, `P = 50 − Q/2`, आणि मगच पेन्सिल उचला. पहिले तीन दिवस अशी दहा-दहा समीकरणं उलटवून काढा. कंटाळा येईल, पण टाळू नका.

पुढचे तीन दिवस पुरवठा आणि कर. पुरवठा `Q = 2P − 20` घ्या. दोन्ही समीकरणं सारखी ठेवली की समतोल मिळतो: किंमत ३०, नग ४०. आता विक्रेत्यावर नगामागे १० रुपये कर बसवा. पुरवठा रेषा नेमकी १० ने वर जाते, डावीकडे मात्र २० ने सरकते. विद्यार्थी डावीकडे १० ने सरकवतात आणि पुढचं सगळं चुकतं. नवं समीकरण `Q = 2(P − 10) − 20`. त्यातून किंमत ३५, नग ३०. ग्राहक ३५ देतो, विक्रेत्याच्या हाती २५ पडतात, म्हणजे कराचा भार निम्मा-निम्मा. या दोन किमतींतलं उभं अंतर बरोबर कराएवढं आलं नाही, तर रेषा चुकीची सरकली आहे असं समजा.

दुसऱ्या आठवड्यात डेरिव्हेटिव्ह, पण नियम तीनच: स्थिर संख्येचं शून्य, घाताचा नियम, आणि बेरजेतल्या प्रत्येक पदाचं वेगळं काढायचं. किमतीला नगाने गुणलं की एकूण प्राप्ती: `TR = 50Q − Q²/2`. आधी Q = 10, 20, 30 असं करत 90 पर्यंत TR ची किंमत काढून बिंदू मांडा. टेकडीसारखा आकार दिसेल आणि माथा ५० वर असेल. मग डेरिव्हेटिव्ह काढा: `MR = 50 − Q`. हे शून्य होतं तेही ५० वरच. नियम आणि टेकडी एकच गोष्ट सांगताहेत, हे तुमच्याच हाताने काढलेल्या कागदावर दिसलं पाहिजे. MR ची रेषा मागणी रेषेच्या खालीच मांडून घ्या. सुरुवात दोघींची ५० वर, पण MR चा उतार दुप्पट.

याच आठवड्यात लवचिकता. सूत्रात `dQ/dP` लागतं, म्हणजे इथे −2, आकृतीतला −1/2 नव्हे. किंमत २०, नग ६० या बिंदूवर `−2 × 20/60`, म्हणजे चिन्ह सोडून साधारण ०.६७. पडताळणी सोपी आहे. सरळ मागणी रेषेच्या मध्यबिंदूवर (इथे किंमत २५, नग ५०) उत्तर १ यायलाच हवं, वर १ पेक्षा जास्त, खाली कमी. मध्यबिंदूवर ०.२५ आलं तर तुम्ही उतार उलटा घेतला आहे. आणि नग ५० म्हणजे टेकडीचा माथाच, हे लक्षात आलं असेल.

तिसरा आठवडा खर्चाचा. `TC = 100 + 10Q + Q²` घ्या. सीमांत खर्च `10 + 2Q`, सरासरी खर्च `100/Q + 10 + Q`. Q = 5, 10, 20 साठी सरासरी येते 35, 30, 35 आणि सीमांत येतो 20, 30, 50. म्हणजे १० नगांवर सरासरी सर्वात कमी आणि दोन्ही तिथेच सारखे. कारण फलंदाजाच्या सरासरीसारखंच: पुढचा डाव सरासरीपेक्षा कमी धावांचा झाला की सरासरी घसरते, जास्त धावांचा झाला की चढते.

मग मक्तेदारी. खर्च सोपा करा, `TC = 100 + 10Q`, म्हणजे सीमांत खर्च सरळ १०. `50 − Q = 10` वरून नग ४०. इथे थांबून किंमत १० लिहिणारे पुष्कळ असतात. नग MR आणि MC च्या छेदावरून मिळतात, पण किंमत वाचायची ती तिथून वर मागणी रेषेपर्यंत जाऊन: ३०. नफा १२०० − ५०० = ७००. पूर्ण स्पर्धेत किंमत १० आणि नग ८०, ग्राहकाचं आधिक्य १६००. मक्तेदारीत त्याचे तीन तुकडे होतात: ग्राहकाकडे ४००, विक्रेत्याकडे ८००, आणि ४०० कुणालाच मिळत नाहीत. ही क्षेत्रफळं तीन रंगांनी रंगवा आणि बेरीज १६०० येते का बघा. विक्रेत्याच्या ८०० मधून स्थिर खर्चाचे १०० गेले की तेच ७०० उरतात.

चौथ्या आठवड्याचे पहिले दोन दिवस समवृत्ती वक्राला द्या. लाग्रांज पद्धत अभ्यासक्रमात सक्तीची नसेल तर सोडा, स्पर्शबिंदूची अट पुरते. `U = xy`, किमती १० आणि ५, उत्पन्न १००: `y/x = 2`, म्हणून x = 5, y = 10. बाकीचे दिवस जुने पेपर, घड्याळ लावून. चूक झाली की वहीत फक्त प्रकार लिहा: अक्ष, सरकवणं, चिन्ह की बीजगणित. माझ्या वहीत बहुतेक 'अक्ष'च निघाले होते, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत काय करायचं हा प्रश्न उरला नाही.

आणि पेपरात खर्चाची आकृती आली तर वक्र आधी काढू नका. सरासरी खर्चाचा सर्वात खालचा बिंदू ठळक मांडा, सीमांत खर्च त्यातून वर चढवा, आणि U सगळ्यात शेवटी काढा.