एसओपीत प्रोफेसरांच्या पेपरबद्दल लिहिताना

अगं, तुझ्या अ‍ॅडमिशनच्या एसओपीच्या ड्राफ्टमधलं ते वाक्य आधी काढ, 'बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्या क्रांतिकारी पेपरने मायक्रोफायनान्स फेल असल्याचं सिद्ध केलं', कारण हैदराबादवरच्या त्या 2015 च्या पेपरात तसं म्हटलेलंच नाहीये आणि लेखकही दोन नाही, चार आहेत, ग्लेनरस्टर आणि किनन पण.

त्यांनी 104 वस्त्या घेतल्या, त्यातल्या रँडमली निवडलेल्या 52 मध्ये कर्ज देणारी संस्था आधी गेली, मग 15-18 महिन्यांनी सर्वे केला. आधीपासून चालू असलेल्या धंद्यात गुंतवणूक वाढली होती, पण घरचा एकूण खर्च फारसा हलला नव्हता. आता नीट बघ, तुलना वस्त्यांची आहे, कर्ज घेणाऱ्यांची नाही, आणि त्या 52 वस्त्यांतही साधारण चौथ्या हिश्श्याच्याच घरांनी मायक्रोलोन घेतलं होतं. म्हणून 'कर्ज घेऊन कुणाचंच भलं झालं नाही' असं यातून निघतच नाही. मी पण पहिल्या वर्षी नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून हीच चूक केली होती, सरांनी मार्जिनमध्ये फक्त 'टेबल बघ' लिहिलं होतं.

त्यापेक्षा असं लिही: 'हैदराबादच्या प्रयोगात आधीपासूनच्या धंद्यांत गुंतवणूक वाढली पण घरांचा सरासरी खर्च फारसा वाढला नाही, माझ्या सोलापूरच्या बचतगटांच्या डेटात हा फरक धंद्याच्या वयानुसार दिसतो का ते मला तपासायचंय.' 'क्रांतिकारी' वगैरे काही नको, तुझा प्रश्न त्यांच्या निष्कर्षाला कुठे जोडला जातो तेवढंच दिसू दे. आणि वर्किंग पेपर नाही, छापून आलेलं व्हर्जन वाच, मधल्या काळात आकडे बदलतात.